बर्ड फ्लूचा संशयित रुग्ण कॅज्युअल्टीत आला तर: पहिल्या काही तासांचे काम

फेब्रुवारीतली दुपार. गोव्यातल्या डिचोलीच्या बाजूचा एक अडतीस वर्षांचा माणूस भावाच्या स्कूटरवर मागे बसून तालुक्याच्या रुग्णालयात येतो. तीन दिवस ताप, कोरडा खोकला, आजपासून दम लागतोय, डोळे लाल. बोटाला लावलेले यंत्र ऑक्सिजन ९१ टक्के दाखवते. हा माणूस चिकन सेंटरवर कोंबड्या कापतो. सहा दिवसांपूर्वी शेजारच्या वाड्यावर गावठी कोंबड्या एकामागून एक मेल्या, तेव्हा खड्डा खणून त्या पुरायला तो गेला होता. रुग्ण काल्पनिक आहे. त्याच्या निमित्ताने पहिल्या काही तासांत काय करायचे आणि कुठे चुकते, ते क्रमाने पाहू.

खिडकीवरचा प्रश्न

निदान इथेच होते किंवा इथेच हुकते. फ्लू, कोविड, न्यूमोनिया आणि बर्ड फ्लू यांच्या लक्षणांत पहिल्या दिवशी फरक कळत नाही. पांढऱ्या पेशी कमी असणे, त्यातही लिम्फोसाइट घटलेले असणे, यकृताचे एन्झाइम वाढलेले असणे, जुलाब होणे हे एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूच्या आजारात दिसते खरे, पण डेंग्यूतही दिसते. लाल डोळे थोडे जास्त बोलके असतात. अमेरिकेत २०२४ साली दुभत्या गायींच्या गोठ्यांत हा विषाणू पसरला, तेव्हा बाधित कामगारांपैकी अनेकांची मुख्य तक्रार डोळे येणे हीच होती. तरीही एकट्या डोळ्यांवरून काही ठरत नाही. ठरते ते रुग्ण मागच्या काही दिवसांत कुठे होता आणि त्याने कशाला हात लावला यावरून.

म्हणून ताप आणि खोकला किंवा दम असलेल्या प्रत्येकाला नोंदणीच्या खिडकीवरच तीन गोष्टी विचारायच्या. गेल्या दहा दिवसांत आजारी किंवा मेलेले पक्षी, जनावर हाताळले का, किंवा कोंबड्या कापण्याच्या जागी काम केले का? गेल्या चौदा दिवसांत परदेशातून, विशेषतः आखातातून आलात का? घरात किंवा कामावर आणखी कोणी असेच आजारी आहे का? दुसरा प्रश्न गोव्यात शोभेचा नाही. इथे घरटी कोणी ना कोणी आखातात असते, आणि उंटांकडून माणसांत येणारा मर्स हा विषाणू अरबस्तानातच आहे. त्याचा आजार दिसायला दोन ते चौदा दिवस लागतात. म्हणजे दाबोळीला किंवा मोपाला उतरताना माणूस ठणठणीत असतो आणि घरी गेल्यावर आठवड्याने आजारी पडतो.

पहिला प्रश्न कसा विचारता यावर उत्तर ठरते. ‘पोल्ट्रीशी संपर्क आला का’ असे विचारले की समोरचा ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. त्याच्या मते तो पोल्ट्रीत नव्हे, दुकानात काम करतो. ‘बर्ड फ्लू’ हा शब्द काढला तर हमखास ‘नाही’, कारण दुकान बंद पडायची भीती. ‘दादा, काम कसलं करता? तुमच्याकडे किंवा शेजारी कोंबड्या, बदकं, कावळे मेले का? उचलून कोणी टाकले?’ असे विचारले की माहिती आपोआप येते. कामगार कानडी किंवा हिंदी बोलणारा असेल तर त्याच्या भाषेत विचारायला माणूस हवा. सोबत आलेल्या मुकादमाकडून विचारवून घेऊ नये. डुक्कर पाळणाऱ्या घरात डुकरांचीही चौकशी करावी. डुकराला पक्ष्यांचा आणि माणसांचा असे दोन्ही फ्लू होऊ शकतात.

मात्र असा संबंध सापडला नाही म्हणून प्रत्येक वेळी निश्चिंत होता येत नाही. कारण न सापडलेला, झपाट्याने वाढणारा न्यूमोनिया असेल, किंवा श्वसनाच्या रुग्णांची सेवा करणारी नर्स स्वतःच तशी आजारी पडली असेल, तर तेवढ्यावरही संशय धरावा.

पहिली दहा मिनिटे

आपल्या रुग्णाने होकार दिला. तिथल्या तिथे त्याच्या तोंडाला सर्जिकल मास्क लावायचा. एन-९५ रुग्णाला नको, त्याचा दम वाढतो. ऑक्सिजन लागत असल्याने नाकातल्या नळीतून ऑक्सिजन सुरू करून मास्क नळीवरूनच बसवायचा. स्कूटरवरच्या भावालाही मास्क द्यायचा आणि त्याचे नाव, फोन त्याच क्षणी लिहून घ्यायचे. संपर्काच्या यादीतले पहिले नाव त्याचेच.

मग रुग्णाला गर्दीतून बाहेर काढायचे. खोली तयार व्हायला वीस मिनिटे लागणार असतील तर तोवर त्याला बाहेर, भिंतीच्या सावलीत, इतरांपासून लांब खुर्चीवर ऑक्सिजनसह बसवणे हे बंद पडद्यांच्या क्युबिकलपेक्षा चांगले. पडदा नजर अडवतो, हवा अडवत नाही. खोलीकडे नेताना मागची वाट घ्यायची, एक माणूस पुढे जाऊन दरवाजे उघडत राहील. लिफ्ट टाळता आली तर उत्तम.

इथे एक चूक सर्रास होते. दम लागलेला रुग्ण दिसला की हात सवयीने नेब्युलायझरकडे जातो. नेब्युलायझरची वाफ रुग्णाच्या श्वासात मिसळून खोलीभर पसरते. घरघर असेल तर स्पेसर लावून इन्हेलरच द्यावा.

खोली: हवा कुठून कुठे जाते

विलगीकरण म्हणजे दारावर पाटी नव्हे. खोलीतली हवा कॉरिडॉरमध्ये येता कामा नये आणि ती पुरेशी बदलत राहिली पाहिजे, या दोन गोष्टी साधल्या तरच ते विलगीकरण. निगेटिव्ह प्रेशरची खोली असेल तर मोजमाप ठरलेले आहे: तासाला १२ वेळा हवा बदलणे आणि कॉरिडॉरपेक्षा दाब किमान २.५ पास्कल कमी. तालुका पातळीवर अशी खोली बहुधा नसते. मग एक्झॉस्ट पंख्यावर काम भागवायचे, पण हिशोबाने.

आपली खोली चार मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद, तीन मीटर उंच आहे असे धरू. गुणाकार ४२ घनमीटर. बारा वेळा हवा बदलायची तर तासाला ५०४ घनमीटर हवा बाहेर फेकली पाहिजे. पंख्याच्या लेबलवर लिहिलेली क्षमता समोर काही अडथळा नसतानाची असते; जाळी, धूळ आणि वारा यांत ती घटते. म्हणून लेबलवर किमान ७०० ते ८०० तरी असावे. आत येणाऱ्या हवेला वाटही हवी: दाराखाली बोटभर फट ठेवायची, खिडक्या बंद ठेवायच्या. पंखा रुग्णाच्या डोक्याच्या बाजूच्या भिंतीत असावा, म्हणजे दारातून येणारी स्वच्छ हवा आधी नर्सवरून आणि मग रुग्णावरून वाहत बाहेर जाते. पंख्याचे तोंड रहदारीच्या वाटेवर किंवा दुसऱ्या वॉर्डाच्या खिडकीजवळ उघडू नये. आठएक मीटर अंतर ठेवावे.

छताचा पंखा बंद. स्प्लिट एसी तीच हवा फिरवतो, बाहेरची आणत नाही. त्याने थंडावा मिळतो, हवा बदलत नाही. सेंट्रल एसी असेल तर त्या खोलीतली हवा परत ओढणारी जाळी प्लास्टिक आणि टेपने बंद करून घ्यावी, नाहीतर तीच हवा शेजारच्या वॉर्डात पोचते.

आता गोव्याची गोम. इथे सकाळी वारा बहुधा जमिनीकडून असतो आणि दुपारी समुद्रावरून येतो. पश्चिमेच्या भिंतीत बसवलेला पंखा सकाळच्या चाचणीत झकास पास होतो. दुपारी एक-दीडनंतर समुद्रवारा सुरू झाला की तोच वारा पंख्याच्या तोंडावर आदळतो, पंखा फिरताना दिसतो पण हवा फेकत नाही. वारा जोरात असेल तर हवा उलटी आत ढकलली जाते आणि दाराखालून कॉरिडॉरमध्ये निघते. म्हणून चाचणी दिवसातून दोनदा, त्यातली एक दुपारी तीनच्या सुमारास. शक्य असेल तर पंखा पूर्वेच्या भिंतीत घ्यावा. नसेल तर बाहेरून खाली वळवलेले झाकण बसवून घ्यावे.

चाचणी सोपी आहे. दार बंद करून कॉरिडॉरच्या बाजूने दाराखालच्या फटीजवळ टिश्यू पेपरची अरुंद पट्टी धरायची. पट्टी फटीकडे ओढली गेली तर हवा आत जाते आहे. ती लोंबत राहिली किंवा तुमच्याकडे फडफडली तर खोली नापास. रिकाम्या खोलीत हेच काम उदबत्तीच्या धुराने जास्त स्पष्ट दिसते. मात्र आत ऑक्सिजन सुरू असताना दारात उदबत्ती धरू नये. तेव्हा फक्त कागदाची पट्टी. निकाल आणि वेळ दारावरच्या वहीत लिहायची.

रुग्ण बाहेर गेल्यावर खोली किती वेळ रिकामी ठेवायची तेही याच हिशोबाने. तासाला १२ वेळा हवा बदलत असेल तर ९९.९ टक्के कण जायला ३५ मिनिटे लागतात, ६ वेळा बदलत असेल तर ६९. सफाई कर्मचाऱ्याने त्याआधी जायचेच असेल तर एन-९५ घालून.

घालणे आणि काढणे

कोविडने आपल्याला डोक्यापासून पायापर्यंतच्या पांढऱ्या पोशाखाची सवय लावली. इथे त्याची गरज नाही. लांब बाह्यांचा गाऊन, एन-९५, गॉगल किंवा फेस शील्ड आणि ग्लोव्हज पुरेत. अखंड पोशाख काढताना अंगाला जास्त ठिकाणी हात लागतो, आणि आपल्या दमट हवेत तो घालून माणूस तासाभरात घामाने निथळतो. घाम आला की हात नकळत चेहऱ्याकडे जातो. घामाने भिजलेला एन-९५ तर बदलायलाच हवा.

घालण्याचा क्रम: हात स्वच्छ, गाऊन, एन-९५, गॉगल, शेवटी ग्लोव्हज गाऊनच्या मनगटावरून. एन-९५ बसला की नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवायची, मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोराने श्वास सोडायचा. डोळ्यांकडे किंवा गालाच्या कडेने वारा लागला तर तो बसलेला नाही. दाढी असेल तर कोणताही एन-९५ नीट बसत नाही. दाढी काढा किंवा त्या खोलीत दुसऱ्याला पाठवा.

लागण होते ती बहुतेक काढताना. दारातली ती दोन मिनिटे जवळून पाहा. नर्स तीस मिनिटे आत होती, थकली आहे, बाहेर कोणीतरी हाक मारतेय. ती दोन्ही ग्लोव्हज काढते, गाऊनची गाठ सोडते, आणि गाऊन उतरायच्या आधीच कपाळावरचा घाम मनगटाने पुसते. त्याच मनगटाने मघाशी रुग्णाची उशी वर घेतली होती. म्हणून काढताना समोर एक माणूस उभा हवा, ज्याचे काम फक्त पाहणे आणि एकेक पायरी मोठ्याने सांगणे. क्रम असा: ग्लोव्हज, मग हात स्वच्छ; गॉगल मागच्या पट्ट्याने, हात; गाऊन आतून बाहेर उलटवत, हात. मग खोलीतून बाहेर पडून दार बंद करायचे आणि त्यानंतरच एन-९५, आधी खालची दोरी मग वरची, समोर हात न लावता. पुन्हा हात. खोलीच्या आतच एन-९५ काढला की आतापर्यंतची सगळी काळजी वाया गेली.

गाऊन, मास्क पिवळ्या पिशवीत. ग्लोव्हज, गॉगल लाल पिशवीत. जमिनीसाठी आणि सांडलेल्या स्रावांसाठी १ टक्का हायपोक्लोराइट: बाजारातले ५ टक्क्यांचे द्रावण असेल तर एक भाग त्याचा, चार भाग पाणी, दहा मिनिटे राहू द्यायचे. ते रोज ताजे करावे. उन्हात ठेवलेल्या कॅनमधला क्लोरीन उडतो आणि उरते ते नुसते वास येणारे पाणी.

औषध आधी, रिपोर्ट नंतर

ओसेल्टामिविर ७५ मिलीग्रॅम दिवसातून दोनदा. हे संशयावरच सुरू करायचे, रिपोर्टची वाट न पाहता. लक्षणे सुरू झाल्यावर पहिल्या ४८ तासांत ते सर्वांत उपयोगी, पण आपल्या रुग्णाचा तिसरा दिवस उलटला आहे म्हणून ‘आता काय उपयोग’ असे म्हणायचे नाही; एच५एन१मध्ये विषाणू जास्त दिवस वाढत राहतो. नेहमीचा कोर्स पाच दिवसांचा, गंभीर रुग्णात तो दहा दिवसांपर्यंत वाढवतात. मूत्रपिंडाचे काम कमी असेल तर डोस कमी. मुलांना वजनाप्रमाणे: एक वर्षावरचे मूल १५ किलोपर्यंत असेल तर ३० मिलीग्रॅम, २३ किलोपर्यंत ४५, ४० किलोपर्यंत ६०, प्रत्येक डोस दिवसातून दोनदा. न्यूमोनियाची नेहमीची अँटिबायोटिक्सही सोबत चालू ठेवावीत. केवळ फ्लूच्या न्यूमोनियासाठी स्टेरॉइड देऊ नयेत.

नमुना, आणि रिपोर्टमधली खरी खूण

घसा आणि नाक दोन्हींचा स्वॅब सिंथेटिक काडीने घ्यायचा, कापसाच्या लाकडी काडीने नाही, आणि व्हीटीएम म्हणजे विषाणू टिकवणाऱ्या द्रवाच्या नळीत टाकायचा. डोळे लाल आहेत म्हणून डोळ्याचा स्वॅब वेगळा. रुग्णाला बेडका येत असेल किंवा श्वासनळीत नळी टाकली असेल तर खालच्या श्वासमार्गाचा नमुना हवाच. एच५एन१ फुप्फुसात खोलवर वाढतो. नाकातला स्वॅब निगेटिव्ह आणि श्वासनळीतला पॉझिटिव्ह, असे होऊ शकते. नमुना २ ते ८ अंशांवर, तिहेरी पॅकिंगमध्ये, ७२ तासांच्या आत पोचवायचा. पेटीत बर्फाचे पॅक घालून ती गाडीच्या डिकीत, फेब्रुवारीच्या उन्हात दोन तास उभी ठेवली, तर तो नमुना गेलाच समजा.

मिनिटांत निकाल देणारी अँटिजेन पट्टी निगेटिव्ह आली तर तिच्यावर विसंबून विलगीकरण उठवायचे नाही. पीसीआरच्या रिपोर्टमध्ये ‘इन्फ्लुएंझा ए पॉझिटिव्ह’ एवढे वाचून ‘चला, साधा फ्लू’ म्हणणे ही सर्वांत महाग पडणारी चूक. पुढच्या दोन ओळी वाचा. एच१ आणि एच३ हे माणसांतले नेहमीचे दोन प्रकार आहेत. ‘ए’ पॉझिटिव्ह आणि हे दोन्ही निगेटिव्ह, म्हणजे हा ए कोणता ते त्या किटला कळलेले नाही. बर्ड फ्लूची कागदावरची पहिली खूण हीच. मात्र पीसीआरला विषाणू दिसायला किती फेऱ्या लागल्या ते सांगणारा सीटी आकडाही पाहा. तो ३५च्या वर असेल तर नमुन्यात विषाणू इतका थोडा आहे की प्रकार ओळखणारी चाचणी नुसती चुकली असेल; नवा नमुना घ्या. ३५च्या खाली, त्यातही पंचवीस-तीस असेल, तर विषाणू भरपूर आहे आणि तरी ओळख पटत नाही. त्याच वेळी फोन उचला. खात्रीची चाचणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत होते.

आरोग्य खात्याच्या साथरोग सर्वेक्षण विभागाला मात्र संशय येताच कळवायचे, पुण्याच्या निकालाची वाट पाहायची नाही. त्याच तासात पशुसंवर्धन खात्यालाही, कारण पुरलेल्या कोंबड्यांची बातमी फक्त तुमच्या रुग्णाकडे आहे. पक्ष्यांचे नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत तपासतात, आणि ते पॉझिटिव्ह आले तर एक किलोमीटरचा बाधित भाग आणि दहा किलोमीटरपर्यंतची पाहणी असा आराखडा चालू होतो.

बांबोळीला हलवायचे असेल तर

ऑक्सिजन पाच-सहा लिटरवर टिकत नसेल तर वाट पाहू नये. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाला, म्हणजे गोमेकॉला आधी फोन, मग १०८. तिथे कोणत्या दाराने आत घ्यायचे हे ठरल्याशिवाय गाडी हलवायची नाही, नाहीतर रुग्ण पुन्हा कॅज्युअल्टीच्या गर्दीत थांबतो. गाडीत मागचा एक्झॉस्ट चालू, चालकाच्या केबिनची खिडकी बंद, एसी असेल तर बाहेरची हवा घेणाऱ्या बटणावर. नळी टाकायचीच असेल तर ती निघण्यापूर्वी, सर्वांत अनुभवी माणसाने, कमीत कमी लोकांत. व्हेंटिलेटरच्या बाहेर जाणाऱ्या नळीवर विषाणू अडवणारा फिल्टर आणि बंद पद्धतीचे सक्शन.

दारावरची वही

आत जाणाऱ्या प्रत्येकाचे नाव, आत गेल्याची आणि बाहेर आल्याची वेळ, काय काम केले, आणि शेवटच्या रकान्यात काही चुकले का: ग्लोव्ह फाटला, मास्क सरकला, घाम पुसला. हा रकाना शिक्षेसाठी वापरला की दुसऱ्या दिवसापासून तो कोराच राहतो, हे वॉर्ड चालवणाऱ्यांना सांगायला नको.

मास्क-गॉगलशिवाय जवळ गेलेल्यांना, म्हणजे खिडकीवरची क्लार्क, स्कूटरवरचा भाऊ, सोबत कोंबड्या पुरणारे दोघे, यांना ओसेल्टामिविर ७५ मिलीग्रॅम दिवसातून दोनदा पाच दिवस देतात. साध्या फ्लूच्या प्रतिबंधाला दिवसातून एकदा पुरते, इथे दोनदा. कारण माणसाला लागण आधीच झालेली असेल तर अर्ध्या डोसवर विषाणू औषधाला सरावू शकतो. शेवटच्या संपर्कापासून दहा दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचा आणि आकडा फोनवर कळवायचा. रोज त्यांनी स्वतःहून कळवावे अशी अपेक्षा ठेवू नये. रुग्णालयातून ठरलेल्या एकाच माणसाने फोन करावा. कोंबड्या पुरणारे दोघे चौथ्या दिवसापासून फोन उचलेनासे होतात, तेव्हा गावातल्या आरोग्य सेविकेला त्यांच्या दारात पाठवायचे. संध्याकाळी, कामावरून ते परत आल्यावर.